लोणारच्या सहा वाक्यांचा सेट: पहिलं वाक्य चुकलं की मागचं सगळं कसं सरकतं

हे प्रकरण आमच्या अभ्यासिकेतल्या एका पोरीचं आहे. बाजूच्या खेड्यावरून एसटीने तालुक्याला येते, बँकेच्या क्लर्कची तयारी करून राहिली, बारावीपर्यंत मराठी मिडीयम. गणित, रिझनिंग चांगलं आहे, इंग्रजीतला उतारा वाचून उत्तरं द्यायलाही जमतं, पण उलटसुलट वाक्यं जुळवायचा सेट आला, ज्याला सगळे पॅरा जंबल म्हणतात तो, की मार्क पार झोपतात. मी रविवारी तिथे पोरापोरींसोबत बसतो त्यामुळे तिचे पेपर माझ्या हाती यायचे, अन् एक गोष्ट सारखी दिसायची. वाक्यं तिला समजत होती. एकेका वाक्याचा अर्थ विचारला तर बरोबर सांगायची, फक्त क्रम चुकायचा.

मग मी इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतच एक सेट बनवला. हिशेब सोपा होता, भाषा अडत असेल तर मराठीत बरोबर यायला पाहिजे, अन् जुळवणीच अडत असेल तर मराठीतही चुकेल. विषय मुद्दाम लोणार घेतला, आपल्याच भागातला, म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायला जागा नको. सेट असा होता:

अ. त्यांच्या तपासणीत मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं समोर आलं.

ब. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला.

क. जून 2020 मध्ये हेच पाणी अचानक गुलाबी दिसायला लागलं.

ड. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे उल्का आदळून बेसॉल्ट खडकात पडलेल्या खड्ड्यात आहे.

इ. हा बदल पाहून लोकांनी नाना तर्क केले आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळांकडे पाठवले गेले.

फ. त्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे.

पुढे वाचायच्या आधी तुम्हीही एकदा लावून पहा, मिनिटभर लागेल.

तिने कृषी केंद्राच्या जुन्या बिलाच्या पाठीमागे क्रम लिहून दिला: क, इ, अ, ड, फ, ब. खरा क्रम आहे ड, फ, क, इ, अ, ब. आता बँकेच्या पेपरात अशा सेटवर पाच प्रश्न विचारायची जुनी पद्धत आहे, पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं, शेवटचं कोणतं, अशा धर्तीवर. समजा पहिलं, दुसरं, तिसरं, पाचवं अन् शेवटचं विचारलं, तर तिचं एकच उत्तर बरोबर येते, शेवटचं. चार चुका, चुकीला पाव मार्क कट, म्हणजे एक मिळवला अन् एक गमावला. हातात भोपळा.

आता तिचा क्रम परत एकदा नीट पहा. क-इ-अ ही साखळी बरोबर आहे, ड-फ ही जोडीसुद्धा बरोबर आहे, ब शेवटी तेही बरोबर. म्हणजे जुळवायचं बहुतेक सगळं काम तिने केलं होतं, फक्त दोन तुकडे मागेपुढे झाले अन् पाचापैकी चार प्रश्न गेले. ज्याला काहीच समजलं नाही अन् ज्याने अंदाजे ठोकलं त्याचेही इतकेच मार्क आले असते, किंबहुना त्याने सेटच सोडून दिला असता तरी तेवढेच. या प्रकारच्या सेटमध्ये सुरुवातीची चूक महाग पडते ती अशी, आतली एखादी जोडी उलटली तर एकदोन प्रश्न जातात पण सुरुवात चुकली की सगळ्या जागा सरकतात.

मी विचारलं, क पहिलं काऊन घेतलं?

"दादा, त्यात सन दिला आहे नं. क्लासवाल्यायनं सांगितलं होतं, तारीख नाही तं नाव असलेलं वाक्य पयलं घ्याचं."

"नाव तं ड मधीपण आहे, लोणार."

"हो, पण ते माहितीसारखं वाटलं मले. बातमीत कसं राह्यते, आधी काय झालं ते सांगते अन् मंग मागची माहिती देते."

बातमीचं तिचं म्हणणं वावगं नाही बरं का. पेपरात खरंच तसं लिहितात, आधी घटना मग पार्श्वभूमी, अन् क मध्ये "जून 2020 मध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी दिसायला लागलं" असं असतं तर तिच्या सुरुवातीला माझ्याकडेही फार उत्तर नव्हतं. पण तिथे "हेच पाणी" आहे. कुठलं हेच? ज्याच्याबद्दल आत्ता बोलणं झालं ते. उताऱ्याच्या पहिल्याच वाक्यात "हेच" येऊ शकत नाही कारण त्याच्याआधी काही बोलणंच झालेलं नसते. तिने ते वाक्य वाचताना सन पाहिला, गुलाबी पाहिलं, अन् मधला दोन अक्षरांचा शब्द नजरेखालून सटकला. मोठे शब्द वाचायचे अन् बारीक शब्द गाळायचे ही सवय उतारा समजायला चालते, तिथे वेळही वाचतो, पण जुळवणीत काम उलटं आहे, उत्तर बारीक शब्दांतच असते.

तेव्हापासून आम्ही याला उधारी म्हणतो. किराणावाल्याच्या वहीत जसं लिहून असते कोणाकडून किती यायचं, तसं प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, याने काही उधार घेतलं का, अन् कोणाकडून. हे, ते, त्याचं, त्यांच्या, असा, तिथे, त्यामुळे, मात्र, -ही, -च, हे सगळे उधारीचे शब्द. सर्वनाम म्हटलं की पोरं फक्त तो-ती-ते शोधतात, पण "त्याच वर्षी" हीसुद्धा उधारी आहे, वर्षाची, अन् "दर्जाही" मधला ही सुद्धा, कारण आणखी काहीतरी आधी झालंय असं तो सांगतो.

मग तिच्याकडून तोच सेट परत करवून घेतला, पण या वेळेस क्रम लावायचा नाही, फक्त उधारी लिहायची, क्रम आपोआप येतो का पाहू म्हटलं.

अ ला "त्यांच्या" आहे, म्हणजे अनेकवचनी कोणीतरी हवं, अन् "हा रंग" आहे, म्हणजे रंगाची गोष्ट आधी झालेली पाहिजे. ब ला वर्ष हवं अन् "या सरोवराला" म्हणते म्हणजे सरोवरही हवं. क ला पाणी हवं. इ ला कुठलातरी बदल हवा. फ ला "त्याचं", म्हणजे ज्याच्यात पाणी आहे अशी एखादी वस्तू हवी. ड ला काहीच नको, जिल्हा, नाव, कसं बनलं, सगळं स्वतःच घेऊन आलं आहे. सहापैकी पाच उधारीवर अन् एकच रोखीचं, मग पहिलं कोणतं हा प्रश्नच संपला. "सुरुवातीसारखं वाटते" असं पाहून पहिलं वाक्य सापडत नाही, बाकीचे पहिले होऊच शकत नाहीत हे दाखवून सापडते. तारीख असलेलं वाक्य पहिलं हा क्लासचा नियम कधी बसतो कधी फसतो, कारण तारीख उताऱ्यात कुठेही येऊ शकते, पण न फेडलेली उधारी पहिल्या वाक्यात येऊ शकत नाही.

पुढची जुळणी. फ ची उधारी ड कडे फिटते. मराठीची एक सोय इथे दिसते: ड मध्ये तीन गोष्टी आहेत, सरोवर, उल्का अन् खड्डा. उल्का ती आहे, तिच्यासाठी "तिचं पाणी" झालं असतं, म्हणून ती बाद. राहिले सरोवर अन् खड्डा, दोघांनाही "त्याचं" चालते, पण पाणी खारट म्हणून ओळखतो आपण सरोवराचं. क ला पाणी फ ने दिलं. इ चा बदल म्हणजे पाणी गुलाबी झालं तो.

अ पाशी ती अडली. "त्यांच्या म्हणजे कोणाच्या दादा, लोकायच्या, नमुन्यायच्या का प्रयोगशाळांच्या?"

प्रश्न बिलकुल बरोबर आहे, व्याकरणाने तिन्ही बसतात. अर्थाने पाहिलं तर लोक बाद होतात कारण त्यांनी तर्क केले, तपासणी नाही केली. नमुने की प्रयोगशाळा हे मात्र ठरत नाही, नमुन्यांची तपासणी अन् प्रयोगशाळांनी केलेली तपासणी, दोन्ही बरोबर. पण ठरवायची गरजच काय? दोघंही इ मध्येच आहेत. सर्वनाम नेमकं कोणाचं यावर वाद असला तरी सगळे दावेदार एकाच वाक्यात बसले असतील तर जोडी पक्की, पुढे चला. या ठिकाणी हुशार पोरंच जास्त वेळ घालवतात असं माझं पाहणं आहे, त्यांना अर्थ पूर्ण लागल्याशिवाय करमत नाही. परीक्षेत आपल्याला जागा विचारली आहे, अर्थ नाही.

ब राहिलं, अन् त्यात खरा डाव आहे. "त्याच वर्षी" ला 2020 पाहिजे, तो क मध्ये आहे, मग क च्या लगेच मागे ब का नाही? लावून पहा. पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी रामसर दर्जा मिळाला, हा बदल पाहून लोकांनी तर्क केले. आता "हा बदल" जाऊन रामसरच्या दर्जाला चिकटला, जसं काही दर्जा मिळाला म्हणून लोकांनी पाण्याचे नमुने पाठवले. म्हणजे ब ला तिथे अडचण नाही, ब आल्यामुळे इ ची उधारी भलत्याच दारात गेली. वाक्य मध्ये घुसवताना त्याचं स्वतःचं जमलं का एवढंच पाहून चालत नाही, त्याने कोणाची जोडी तोडली तेही पाहावं लागते. "हा" अन् "हे" ला जवळचं लागते, बहुतेक वेळा अगदी आधीचंच वाक्य. "त्याच वर्षी" थोडं लांबून ओढून घेऊ शकते, मध्ये दोन वाक्यं असली तरी गोष्ट तीच चालू असेल तर वाचणाऱ्याच्या डोक्यात 2020 शाबूत असतो. म्हणून क, इ, अ अन् मग ब.

तिच्या क्रमातही ब शेवटीच होतं, पण तिथे ते फ च्या मागे आलं होतं, पाणी खारट आहे, त्याच वर्षी दर्जा मिळाला. कुठल्या वर्षी? मध्ये विषय बदलून गेला, खड्ड्याचं अन् खाऱ्या पाण्याचं बोलणं झालं, 2020 मागे राहिला. क्रम लावून झाल्यावर तिने फक्त फ अन् ब ही जोडी सलग वाचली असती तरी खटकलं असतं. पूर्ण सेट परत वाचायला वेळ नसते मान्य आहे, पण जिथे आपण दोन तुकडे जोडले तो सांधा तरी वाचावा, तिच्या उत्तरात असे दोनच सांधे होते, अ-ड अन् फ-ब.

नंतर हाच सेट इंग्रजीत करून दिला. इंग्रजीत लिंगाची मदत नाही, सरोवर, उल्का, खड्डा तिघांनाही एकच ‘इट’, त्यामुळे मराठीत जी गोष्ट कानाला लगेच खटकते ती तिथे खटकत नाही. मराठी मिडीयमची पोरं मनातल्या मनात भाषांतर करतात अन् ‘इट’ चं ती, तो किंवा ते आधी करून टाकतात, मग स्वतःच केलेल्या "ती" साठी स्त्रीलिंगी नाव शोधत बसतात. हिचं तसंच होत होतं. त्यापेक्षा एकवचन-अनेकवचन पाहावं, माणूस की वस्तू पाहावं, अन् ‘ए’ अन् ‘द’ पाहावं. पहिल्यांदा ओळख करून देताना इंग्रजी माणूस ‘ए क्रेटर’ म्हणते, ओळख झाली की ‘द क्रेटर’. पण ‘द’ दिसला म्हणून उधारी आहेच असं नाही, सूर्य, सरकार, रिझर्व्ह बँक अशा एकुलत्या एक गोष्टींना पहिल्या वाक्यातही ‘द’ लागते.

इथपर्यंत सगळं छान. पण उधारीचं भूत डोक्यात बसलं की वेगळीच चूक सुरू होते, अन् ती या प्रकरणातली मला जास्त कामाची वाटते. तिला मी चार वाक्यांचा छोटा सेट दिला, एसएससीच्या धर्तीवर, दहावीची नाही, स्टाफ सिलेक्शनची एसएससी:

च. विदर्भातली बरीचशी काळी जमीन अशीच आहे.

छ. पाणी निचरत नाही आणि पऱ्हाटीची मुळं सडायला लागतात.

ज. ज्या जमिनीत ओल धरून ठेवायची ताकद असते ती कोरडवाहू कापसाला मानवते.

झ. मात्र पाऊस जास्त झाला की हाच गुण तिच्यावर उलटतो.

तिने छ पहिलं घेतलं. कारण विचारलं तर पटकन, "यात एकपण उधारीचा शब्द नाही. च मधी अशीच आहे, ज मधी ती आहे, झ मधी मात्र, हाच, तिच्यावर, तिन्ही आहे. छ एकदम साफ."

शब्दांनी पाहिलं तर तिचं खरं आहे. छ मध्ये एकही सर्वनाम नाही. पण वाक्य मोठ्याने वाचा, "पाणी निचरत नाही", कुठून निचरत नाही, काऊन निचरत नाही, हे सगळं गायब आहे. मराठीत आपण सर्वनाम सरळ गाळून टाकतो, "कुठे गेला होता?" "वावरात गेलो होतो", मी म्हणायची गरज नाही पडत. तसंच इथे "त्यामुळे तिच्यातून" एवढं गाळलेलं आहे. उधारी आहे, फक्त वहीत लिहिलेली नाही. इंग्रजीत असं गाळणं कमी चालते, तिथे कर्ता सहसा लिहावाच लागते, म्हणून लपलेली उधारी मराठी सेटमध्ये जास्त सापडते, पण इंग्रजीतही एखादं वाक्य परिणाम सांगते अन् कारण सांगत नाही, तेव्हा तीच गोष्ट.

अन् ज मधल्या "ती" चं उलटं आहे. ती म्हणजे कोणती? ज्या जमिनीत ओल टिकते ती. म्हणजे "ती" ला लागणारं नाव त्याच वाक्यात आधी येऊन गेलं आहे, बाहेर जायचं कामच नाही. जो-तो, जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा या जोड्या घरातल्या घरात फिटतात, त्यांना उधारी धरायचं नाही. इंग्रजीत याचा भाऊ म्हणजे ‘इट इज सेड दॅट’ किंवा ‘इट इज डिफिकल्ट टू’ अशी सुरुवात, तो ‘इट’ कोणाचाच नसते, वाक्याला कर्ता लागते म्हणून बसवलेला असते. अशा वाक्याने उतारा मजेत सुरू होऊ शकते, अन् ‘इट’ दिसला म्हणून पोरं ते बाद करतात.

म्हणून ज पहिलं, मग च ("अशीच" म्हणजे ओल धरून ठेवणारी), मग झ ("हाच गुण" म्हणजे ओल धरायचा, "तिच्यावर" म्हणजे काळ्या जमिनीवर), अन् शेवटी छ, उलटते म्हणजे काय होते ते सांगणारं. ज-च-झ-छ. झ अन् छ ची अदलाबदल केली तर "मात्र" कशाला म्हटलं ते कळत नाही, मुळं सडायला लागतात, मात्र पाऊस जास्त झाला की उलटतो, आता सडण्यापेक्षा आणखी काय उलटायचं राहिलं!

यावर तिने एक बारीक प्रश्न काढला जो मला आवडला. च मध्ये विदर्भ आहे, काळी जमीन आहे, ठळक नावं आहेत, तर क्लासच्या नियमाने च पहिलं आलं असतं नं? आलं असतं. अन् चुकलं असतं, लोणारच्या क सारखंच, कारण "अशीच" ने उधार घेतलं आहे. दोन्ही सेटमध्ये फसवं वाक्य एकाच प्रकारे बनवलं आहे, पुढे ठळक नाव नाहीतर सन अन् मध्ये एक बारीक शब्द. पेपर काढणारेही हेच करतात, मूळ उताऱ्यातून अशी वाक्यं निवडतात जी पहिली वाटावी पण नसावी.

आता हे कुठे थांबते तेही सांगतो, कारण दर सेटमध्ये एकच रोखीचं वाक्य निघेल असं काही नाही. कधीकधी दोन निघतात, दोन्हीत उधारी नाही, एक सर्वसाधारण बोलणारं अन् एक विशिष्ट. तेव्हा पहिलं कोणतं यावर डोकं न फोडता दुसऱ्या टोकाने जावं, मधल्या पक्क्या जोड्या आधी बांधाव्या. जोड्या बांधल्या की त्या दोन वाक्यांपैकी एक बहुतेक कुठल्यातरी जोडीत मध्ये अडकते अन् दुसरं मोकळं उरते, तेच पहिलं. एसएससीत ऑप्शन असतात तिथे तर एक पक्की जोडी सापडली तरी चारपैकी दोनतीन ऑप्शन उडू शकतात, वरच्या सेटमध्ये फक्त ज-च धरलं अन् ऑप्शनमध्ये ते एकातच सलग असलं तर बाकी वाचायचीही गरज नाही. बँकेच्या सहा वाक्यांच्या सेटमध्ये अशी सोय नाही, तिथे ऑप्शन एकेका जागेचे असतात, पूर्ण क्रमाचे नाही.

अन् काही सेट खरंच ढिले असतात, "शिवाय", "तसेच" ने सुरू होणारी दोन वाक्यं असतात अन् कोणतं आधी याला वाक्यात काहीच पुरावा नसते. ती आता तिथे असं करते की त्या दोन जागांचा प्रश्न सोडून देते अन् पक्क्या जागांचेच प्रश्न सोडवते, पाच पूर्ण करायच्या नादाला लागत नाही. मागच्या मॉकमध्ये तिने सेटमधले तीनच सोडवले, तिन्ही बरोबर आले. बाजूच्या पोराने पाचही सोडवले होते, त्याचेही तीनच बरोबर होते पण दोन चुकीचे अर्धा मार्क घेऊन गेले, अन् उलटून मलेच विचारते, "दादा, तिचे जास्त कसे?"